स्पीड ८५ एमबीपीएस, तरी गेम का अडकतो? पिंगचे आकडे वाचून दोष कसा शोधायचा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. स्पीड टेस्ट ८५ एमबीपीएस दाखवते, यूट्यूबवर मोठ्यात मोठा व्हिडिओ न थांबता चालतो, आणि रात्री साडेनऊला मॅच सुरू केली की समोरचा खेळाडू भिंतीतून आरपार जातो, नेम बरोबर असूनही गोळी लागत नाही, आपण दोन पावलं पुढे जाऊन परत मागे खेचले जातो. मग रिचार्जचा प्लॅन बदलला जातो, एपीएनची सेटिंग उलटीपालटी केली जातात, ‘पिंग बूस्टर’ नावाची ॲप टाकली जातात. यातल्या कशानेही सहसा काही होत नाही. दोष नेमका कुठल्या टप्प्यावर आहे हे कुणी बघितलेलंच नसतं.

आधी स्पीडचा मुद्दा निकालात काढू. शूटर प्रकारचा गेम सेकंदाला साधारण ३० ते ६० छोटी पॅकेटं पाठवतो आणि तेवढीच घेतो. एक पॅकेट १५० बाइटचं धरलं, तर ६० पॅकेटांचे होतात ७२ केबीपीएस. म्हणजे ८५ एमबीपीएसच्या हजाराव्या भागाहूनही कमी. स्पीड ८५ वरून १० वर आला तरी गेमला त्याचा पत्ता लागायचं कारण नाही. गेमला हवं असतं ते प्रत्येक पॅकेट वेळेवर पोचणं. स्पीड टेस्ट एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते, मोठा डेटा ढकलते आणि हरवलेलं पॅकेट परत मागवून घेते. वाटेत अर्धा सेकंद सगळं थांबलं होतं, हे सरासरीत बुडून जातं. गेम यूडीपीवर चालतो. अर्ध्या सेकंदापूर्वीची खेळाडूची जागा आता कळून उपयोग नाही, म्हणून तो परत मागवत बसत नाही.

कॉल स्वच्छ येतो म्हणून नेटवर्क बरं आहे, हाही समज सोडा. व्होल्टीईच्या आवाजाला टॉवरवर वेगळा, प्राधान्याचा मार्ग मिळतो. गेमची पॅकेटं मात्र इतर सगळ्या इंटरनेटच्या गर्दीतच असतात.

मोजायचं कसं

अँड्रॉइडवर टर्मक्स हे ॲप टाका. गेम खेळताना ते मागे चालू राहू शकतं. वायफाय बंद करा, मोबाइल डेटा चालू ठेवा आणि ही आज्ञा द्या:

```
ping -c 300 -i 0.2 1.1.1.1
```

1.1.1.1 हा इंटरनेटवरचा एक सार्वजनिक सर्व्हर. त्याच्याकडे एका मिनिटात ३०० पॅकेटं जातात, आणि प्रत्येकाला जाऊन परत यायला लागलेला वेळ, म्हणजे पिंग, एकेका ओळीत दिसतो. ०.२ सेकंदाचं अंतर मुद्दाम ठेवलं आहे. नेहमीसारखं सेकंदाला एक पॅकेट पाठवलं, तर मधल्या वेळात फोनचा रेडिओ बॅटरी वाचवायला डुलकी घेतो आणि त्याला जागं करण्याचा वेळ पिंगमध्ये मिसळतो. गेम चालू असताना रेडिओ सतत जागा असतो, त्यामुळे जलद पिंगचे आकडे खऱ्या परिस्थितीच्या जास्त जवळ जातात. शेवटी असा सारांश दिसतो:

```
300 packets transmitted, 298 received, 0.666667% packet loss
rtt min/avg/max/mdev = 33.8/61.5/846.0/74.2 ms
```

सगळे avg बघतात. तुम्ही min आणि max बघा. इथे min ३३.८ आहे, म्हणजे रस्ता मुळात चांगला आहे, ३४ मिलिसेकंदांत जाऊन येता येतं. max ८४६ आहे, म्हणजे काहीतरी अधूनमधून तो रस्ता अडवतं. mdev म्हणजे आकडे किती वरखाली होतात त्याचं माप, बोलीत ज्याला जिटर म्हणतात ते. ८० वर स्थिर असलेल्या पिंगवर नीट खेळता येतं. सरासरी ६० असूनही ३५ आणि ४०० च्या मध्ये उड्या मारणाऱ्या पिंगवर येत नाही.

पण दोष सांगतात ते सारांशाच्या वरचे आकडे. ते उलटे सरकवून एकेक ओळ वाचा. चार वेगवेगळ्या दोषांचे आकडे चार वेगळ्या तऱ्हेने हलतात.

पहिली तऱ्हा: चढत जाऊन वर टिकणारा पिंग

```
icmp_seq=60 time=44.1 ms
icmp_seq=66 time=197 ms
icmp_seq=72 time=486 ms
icmp_seq=78 time=873 ms
icmp_seq=84 time=911 ms
```

तीन-चार सेकंदांत पिंग चढतो, वरच राहतो, आणि काही वेळाने आपोआप खाली येतो. ही रांग आहे, आणि ती बहुतेक वेळा आपल्याच घरातून लागलेली असते. पाठवायचा डेटा रेडिओच्या क्षमतेपेक्षा जास्त झाला की फोनचा मोडेम तो फेकून देत नाही, साठवून ठेवतो. डाउनलोडची तशीच रांग टॉवरकडे, तुमच्या नावाने वेगळी लागते. एकेरी घाटात पुढे दहा ट्रक लागले की मागच्या मोटारसायकललाही ट्रकच्याच चालीने चढावं लागतं. गेमचं १५० बाइटचं पॅकेट ती मोटारसायकल.

हिशेब करून बघा. अपलोडचा वेग ४ एमबीपीएस आहे आणि मोडेमच्या रांगेत ५०० केबी साठले आहेत. ५०० केबी म्हणजे ४ मेगाबिट, म्हणजे रांग रिकामी व्हायला पूर्ण एक सेकंद. त्या वेळी दाबलेली गोळी एका सेकंदाने टॉवरकडे निघणार. अपलोडकडे कुणी बघत नाही, पण मोबाइलवर गोम तिथेच असते. २३०० मेगाहर्ट्झच्या बँड ४० सारख्या पट्ट्यांवर डाउनलोड आणि अपलोड एकच पट्टा वेळ वाटून वापरतात, आणि त्यातली बरीच मोठी वाटणी डाउनलोडला दिलेली असते. म्हणून स्पीड टेस्टमध्ये वरचा आकडा ८५ आणि खालचा ४, असं चित्र दिसतं.

खात्री करायला ऊकलाची स्पीड टेस्ट चालवा आणि पिंगचे तिन्ही आकडे वाचा: काही चालू नसताना, डाउनलोड चालू असताना, अपलोड चालू असताना. fast.com वर `Show more info` दाबलं की `Unloaded` आणि `Loaded` असे दोन आकडे मिळतात. मोकळ्या वेळी ४० आणि अपलोडच्या वेळी ९०० आलं, तर दोष सापडला.

आता एक पूर्ण उदाहरण घेऊ. कोल्हापुरात एका घरी ब्रॉडबँड नाही. अँड्रॉइड फोनच्या हॉटस्पॉटवर विंडोज लॅपटॉप जोडून व्हॅलोरंट खेळायचा आहे, सर्व्हर मुंबईचा. दिवसा पिंग ४५, रात्री जेवणं झाल्यावर ९०० पर्यंत. पहिलं काम, लॅपटॉप आणि फोन यांच्यातलं वायफाय वेगळं काढणं. लॅपटॉपवर `ipconfig` चालवून `Default Gateway` समोरचा पत्ता घ्यायचा. तो पत्ता म्हणजे हॉटस्पॉट देणारा फोन. समजा तो 192.168.43.1 आहे:

```
ping -n 100 192.168.43.1
```

हा पिंग २ ते ८ मिलिसेकंदांत राहिला तर वायफायला दोष नाही. तो स्वतःच १०० वर उडत असेल तर हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर न्या, किंवा सरळ यूएसबी केबल लावून यूएसबी टेदरिंग वापरा. २.४ वर शेजाऱ्यांचे राउटर आणि स्वतःचे ब्लूटूथ इयरफोन दोन्ही आडवे येतात. या घरात तो पिंग ४ वर स्थिर आहे. त्याच वेळी फोनवरच्या टर्मक्समध्ये पिंग वर दाखवल्यासारखा चढतोय. मग हॉटस्पॉटच्या पानावर किती उपकरणं जोडलेली आहेत ते बघायचं. दोन आहेत. दुसरा ताईचा आयफोन, आणि त्यात लग्नातले नऊशे फोटो आयक्लाउडवर चढत आहेत.

खोच अशी की त्या आयफोनच्या दृष्टीने तो ‘वायफाय’वर आहे. फोटोंचा बॅकअप मोबाइल डेटावर घ्यायचा नाही, असं सेटिंग असलं तरी ते इथे लागू होत नाही. दुसऱ्या अँड्रॉइड फोनचा हॉटस्पॉट अँड्रॉइड बहुधा ओळखतो आणि हात आखडता घेतो. आयफोन आणि विंडोजला अँड्रॉइडचा हॉटस्पॉट साधा वायफायच वाटतो. उपाय: आयफोनवर त्या वायफायच्या नावापुढची खूण दाबून `Low Data Mode` चालू करायचा. लॅपटॉपवर त्याच जोडणीच्या गुणधर्मांत `Metered connection` चालू करायचं, म्हणजे वनड्राइव्ह आणि विंडोजचे अपडेट आवरतात. विंडोजमध्ये `Delivery Optimization` बंद करायचं, कारण तुमच्याकडे आलेले अपडेट ते दुसऱ्यांच्या संगणकांना पाठवू शकतं, म्हणजे पुन्हा अपलोड. हॉटस्पॉट देणाऱ्या फोनवर गूगल फोटोजचा बॅकअप हाताने थांबवायचा. `Data Saver` लावून भागेल असं वाटतं, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर तो चालू असताना हॉटस्पॉटच सुरू होत नाही.

एवढं झाल्यावर त्याच खुर्चीत, त्याच वेळी पुन्हा ३०० पॅकेटं पाठवायची. max १२० च्या आत आला, तर काम झालं. स्क्रीन शेअर करत खेळायचं असेल तर तिथला बिटरेट अपलोडच्या निम्म्याच्या आत ठेवा. मोकळ्या वेळच्या अपलोडच्या नव्हे, रात्रीच्या.

सिमकार्डचा राउटर वापरत असाल आणि त्यावर ओपनडब्ल्यूआरटी चालत असेल, तर त्यात एसक्यूएम लावून रांग राउटरमध्येच आवरता येते. मर्यादा रात्रीच्या किमान वेगाच्या ८० टक्क्यांवर ठेवावी लागते. मोबाइलचा वेग सतत बदलतो, त्यामुळे घरगुती फायबरइतकं हे चोख बसत नाही. मर्यादा जास्त ठेवली तर रांग परत मोडेममध्ये जाते आणि सगळा खटाटोप फुकट.

दुसरी तऱ्हा: उतरता जिना

```
icmp_seq=141 time=38.2 ms
icmp_seq=142 time=846 ms
icmp_seq=143 time=645 ms
icmp_seq=144 time=444 ms
icmp_seq=145 time=243 ms
icmp_seq=146 time=43.1 ms
```

हे नीट बघा. प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा जवळपास २०० ने कमी आहे, आणि आपण पॅकेटं पाठवतोय तीही २०० मिलिसेकंदांच्या अंतराने. म्हणजे १४२ ते १४५ ही पॅकेटं वेगवेगळ्या वेळी निघाली आणि एकाच क्षणी परत आली. सुमारे ०.८ सेकंद रस्ता पूर्ण बंद होता, मग सगळं एकदम सुटलं. मागे खेचलं जाण्याचा जो प्रकार गेममध्ये दिसतो तो हाच.

यात पॅकेट लॉस शून्य असू शकतो, आणि इथे बरेच जण फसतात. मोबाइलचा रेडिओ बिघडलेलं पॅकेट स्वतःच परत पाठवतो. ४जीमध्ये अशी एक फेरी साधारण ८ मिलिसेकंदांची. तेवढ्याने भागलं नाही तर वरचा थर पुन्हा मागवतो, आणि मधलं पॅकेट येईपर्यंत त्याच्या मागची रोखून धरतो. म्हणून खराब रेंज बहुतेक वेळा ‘लॉस’ म्हणून दिसतच नाही, उशीर म्हणून दिसते. लॉस शून्य आहे म्हणजे सिग्नल ठणठणीत आहे, असं मोबाइलवर म्हणता येत नाही.

रस्ता बंद पडण्याची कारणं थोडीच आहेत. ती एकेक करून तपासा, एका वेळी दोन गोष्टी बदलू नका.

सगळ्यात सोपं आधी: दुसरं सिम बंद करा. बहुतेक दोन सिमच्या फोनमध्ये दोन्ही सिम एकाच रेडिओवर भागवतात. दुसऱ्या सिमवर कॉल येतोय का हे ऐकायला काही फोन डेटाचं सिम क्षणभर सोडतात, आणि दुसऱ्या सिमवर कॉल सुरूच झाला तर अनेक फोनमध्ये गेम पूर्ण थांबतो. जिने ठराविक अंतराने, घड्याळ लावल्यासारखे येत असतील, तर संशय इथेच घ्या.

मग टॉवर बदलतोय का ते बघा. नेटमॉन्स्टरसारख्या ॲपमध्ये सेलचा, म्हणजे टॉवरच्या ज्या भागाशी फोन जोडलेला आहे त्याचा, क्रमांक दिसतो. सिग्नलची ताकद सांगणारा RSRP आणि गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती ते सांगणारा SINR हे आकडेही दिसतात. खुर्ची न हलवता सेलचा क्रमांक दोघांमध्ये अदलाबदल होत असेल, तर फोन दोन सारख्याच ताकदीच्या टॉवरांच्या सीमेवर आहे आणि प्रत्येक बदलाला एक खंड पडतोय. RSRP उणे ८५ च्या आसपास म्हणजे चांगली रेंज, उणे ११० च्या खाली गेली की अवघड. पण SINR ला जास्त मान द्या. वरच्या कोपऱ्यात चार दांड्या भरलेल्या असतात आणि SINR ० ते ३ मध्ये घुटमळत असतो, असं शहरात खूप ठिकाणी होतं. आवाज मोठा, पण गोंगाटही तेवढाच. १३ च्या वर असेल तर खेळण्याजोगं, २० च्या वर उत्तम.

उपाय साधा आहे: जागा बदला. आरसीसीच्या भिंतींत सिग्नल सहज १० ते २० डेसिबल पडतो. ज्या टॉवरचा सिग्नल स्पष्ट हवा, त्या बाजूच्या खिडकीशी फोन ठेवा आणि यूएसबीची केबल लांब घ्या. हॉटस्पॉट असेल तर फोन खिडकीत आणि लॅपटॉप टेबलावर, असं करता येतं. थेट फोनवरच खेळणाऱ्याला खुर्चीच हलवावी लागते.

तिसरं कारण ५जी. एनएसए पद्धतीत ५जी हा ४जीच्या आधाराने जोडलेला जादा थर असतो. घरात ५जीची रेंज काठावर असली की तो थर जोडला जातो, सुटतो, परत जोडला जातो. स्पीड टेस्टमध्ये या थराचा मोठा फायदा दिसतो, गेमला त्याच्या येण्याजाण्याचाच त्रास होतो. फोनच्या नेटवर्क सेटिंगमधून ४जी निवडा. तिथे सोय नसेल तर बऱ्याच अँड्रॉइड फोनवर `*#*#4636#*#*` डायल करून उघडणाऱ्या पानावर `LTE only` निवडता येतं. या पर्यायात व्होल्टीई चालत नसेल तर कॉल येणार नाहीत, म्हणून खेळून झालं की परत पूर्ववत करा. उलटही घडतं: ५जीची रेंज भक्कम असेल आणि परिसरातलं ४जी तुंबलेलं असेल, तर ५जीवर पिंग कमी मिळतो. दोन्हीवर मोजा आणि मग ठरवा.

फोन तापला की मोडेमही वेग कमी करतो किंवा ५जी सोडतो. चार्जिंगला लावून, जाड कव्हरसह, अर्धा-पाऊण तास खेळल्यावरच जिने सुरू होत असतील, तर आधी कव्हर काढा आणि चार्जर काढा.

तिसरी तऱ्हा: ६० ते २५०, कुठलाच आकार नाही

आकडे विस्कटलेले, चढ नाही, जिना नाही, सकाळी सहाला गायब आणि रात्री नऊ ते अकरा हमखास. हा सेल तुंबलेला आहे. टॉवर प्रत्येक फोनला वेळेचे छोटे तुकडे वाटतो. मागणारे वाढले की तुमच्या पॅकेटाला पुढच्या तुकड्यापर्यंत थांबावं लागतं. स्पीड तेव्हाही १२-१५ एमबीपीएस दिसू शकतो, त्यात व्हिडिओ निवांत चालतो आणि गेम बोंबलतो. इथे फोनमधलं एकही सेटिंग उपयोगाचं नाही. ‘पिंग बूस्टर’ तर अजिबात नाही, ते फोनपासून टॉवरपर्यंतच्या गर्दीला हात लावूच शकत नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला कुणाचा तरी फोन त्याच खुर्चीत, रात्री दहाला आणा आणि त्याच ३०० पॅकेटांची चाचणी घ्या. पोर्ट करण्याचा निर्णय त्या आकड्यावर घ्या, मित्राच्या गल्लीतल्या अनुभवावर नको.

चौथी तऱ्हा: सपाट, पण उंच

1.1.1.1 ला ३५ येतो, गेम मात्र ११० दाखवतो आणि तिथेच टिकतो. हे अंतर आहे, लॅग नाही. गेमच्या सेटिंगमध्ये सर्व्हर कुठला निवडला गेला आहे ते बघा. प्रकाश फायबरमधून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १००० किलोमीटरला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३९०० किलोमीटर, त्यामुळे ३९ मिलिसेकंद कुणालाच चुकत नाहीत. केबलचं वळण आणि मोबाइलचे स्वतःचे ३० धरून ९०-१०० होतात. गटातला एखादा जण परदेशातून खेळत असेल तर गेम सगळ्यांना तिकडच्या सर्व्हरवर नेत नाही ना, हेही तपासा.

व्हीपीएनचा उपयोग झाला तर फक्त इथे, तोही सर्व्हर मुंबईत असून पॅकेट वाकड्या वाटेने जात असेल तरच. लॅपटॉपवर `tracert -d` आणि त्यापुढे गेमच्या सर्व्हरचा पत्ता देऊन वाटेतले टप्पे बघा. मधल्या एखाद्या टप्प्यावर लॉस किंवा मोठा आकडा दिसला आणि त्याच्या पुढचे टप्पे ठीक असले, तर दुर्लक्ष करा. काही राउटर स्वतःला आलेल्या पिंगला सावकाश उत्तर देतात, पण पुढे जाणारी पॅकेटं वेळेवर सोडतात. शेवटच्या टप्प्यावर दिसतं तेच खरं. पहिले काही टप्पे कंपनीच्या आतले असतात. सांगली-साताऱ्याहून निघालेलं पॅकेट टॉवरवरून थेट इंटरनेटवर उतरत नाही, कंपनीच्या गेटवेपर्यंत बोगद्यातून जातं, आणि तो गेटवे भलत्याच शहरात असू शकतो.

दुसरी किंवा तिसरी तऱ्हा पक्की झाली आणि जागा बदलूनही भागलं नाही, तर १९८ वर तक्रार नोंदवा. ‘नेट स्लो आहे’ म्हणाल तर ते स्पीड टेस्ट करायला सांगतील, ८५ येईल आणि तक्रार बंद होईल. त्याऐवजी सेलचा क्रमांक, बँड, RSRP आणि SINR, आणि सकाळी सहा व रात्री दहाच्या पिंगचे min आणि max सांगा. डॉकेट क्रमांक लिहून घ्या. उत्तरात परत स्पीडचाच आकडा आला, तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाताना तोच क्रमांक लागतो.